उन्हात माणसं बघणारा फोटोवाला

त्यांनी आयुष्यात कुणाला ‘हसा’ म्हटलं असेल असं मला वाटत नाही. कॅमेरा डोळ्याला लावून ते विचारायचे, ‘जेवलात का?’ आणि समोरचा उत्तर द्यायला तोंड उघडणार, त्याच्या किंचित आधी बटण दाबायचे. लग्न असो, बारसं असो, पासपोर्टचा फोटो असो, प्रश्न हाच. रोह्यातल्या अर्ध्या पासबुकांवर माणसं आपण जेवलो की नाही ते आठवताना दिसतात. पण खरं सांगायचं तर त्या फोटोंतली माणसं जिवंत दिसतात, हे मी त्यांच्यावर सगळ्यात जास्त चिडलेली असतानाही कबूल करत होते.

मी रोह्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. कुठला नट कुठल्या खणात, कुठला माल कधी आला, कधी संपणार, हे माझं काम आणि स्वभावही तोच. घरात फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, मोबाईलमध्ये यादी. अशा बाईनं अशा माणसाला आईच्या पंच्याहत्तरीचं काम द्यावं, यात दोघांचीही परीक्षा होती.

त्यांचा स्टुडिओ बाजाराच्या मागच्या गल्लीत. पाटीवर नाव नाही, नुसतं ‘फोटो’. आत भिंती करड्या, पडदा करडा, आणि त्यांचा शर्टही करडा. बारा महिने. रोह्यात सगळ्यांचा समज की या माणसाकडे एकच शर्ट आहे. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, ‘सात आहेत. सगळे करडे. मी लाल शर्ट घालून मॉनिटरसमोर बसलो तर काचेवर लाल पडतं. मग मला प्रत्येक बाई लाजलेली दिसते. मी तिची लाज काढत बसतो.’ हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की हसावं की नाही ते कळेना.

स्टुडिओत खुर्ची एकच, आणि तिच्यावर नेहमी अल्बमचे खोके. गिऱ्हाइकानं उभं राहायचं. ‘बसलं की माणूस गप्पा मारतो,’ ते म्हणायचे. कॅमेऱ्यात दोन कार्डं, एकाच वेळी दोन्हीवर फोटो उतरणार. घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी. तिसरी डिस्क कोलाडला बहिणीच्या कपाटात. ‘रोहा वाहून गेलं तरी कोलाड शाबूत,’ असं त्यांचं म्हणणं. या एका गोष्टीवर माझा त्यांच्यावर जीव जडला. मी पण बिलांच्या तीन प्रती काढते.

फोन मात्र त्यांना आवडायचा नाही. काम करताना तो डब्यात घालून डब्याला झाकण लावायचे. चुकून उचललाच तर एकच उत्तर, ‘चालू आहे.’ काय चालू आहे, कधी संपणार, काही नाही. पलीकडून फोन बंद.

पंच्याहत्तरीचा कार्यक्रम पेणला होता. माझं माहेर पेणच्याच रामवाडीला. तिथं आई माझ्या धाकट्या भावाकडे, प्रकाशकडे राहते. प्रकाशचा गणपतीचा कारखाना आहे. आम्ही हायवेलगतचा हॉल घेतला, पंच्याहत्तर दिव्यांनी आईला ओवाळलं, जेवणावळ उठली. माझ्या यादीतलं सगळं झालं. फक्त हॉलवाल्यानं न विचारता स्टेजच्या कडेला जमिनीवर रंगीत दिवे लावले होते. जांभळे, मग हिरवे, मग गुलाबी, पुन्हा जांभळे. थांबायचं नाव नाही. बंद करा म्हटलं तर त्याचा बटणवाला माणूस जेवायला गेलेला.

आईला स्टेजवर खुर्चीत बसवलं आणि पाया पडायला रांग लागली. आमच्याकडे रांग म्हणजे रांगच. पेण, गडब, धरमतर, खाडीकडची सगळी गावं. जो तो वाकणार, डोकं पायाला लावणार, उठता उठता मागच्याचा धक्का खाऊन बाजूला होणार. आणि अशात माझा फोटोग्राफर दिसेना. बघते तर तो आईच्या खुर्चीच्या बाजूला, पालथा, कारपेटवर पसरलेला. कोपरं टेकलेली, कॅमेरा जमिनीपासून वीतभर. बायका त्याला ओलांडून जात होत्या. एक मुलगा त्याच्या पोटरीवर उभा राहिला होता.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, ‘अहो, उठा. लोक बघतायत.’

‘उभं राहून काय काढू?’ ते खालूनच म्हणाले. ‘सगळे टाळू दाखवतायत. तोंड फक्त उठताना दिसतं, ते पण इथनंच.’ मग माझ्याकडे न बघता, पुढच्या वाकलेल्या काकांना, ‘जेवलात का?’

ठरलं होतं दीड महिना. हे काम कसं चालतं ते मला त्यांनीच आधी समजावलं होतं, मी लिहूनही घेतलं होतं. आधी सगळे फोटो बघून डोळे मिटलेले, हललेले, दुहेरी आलेले बाजूला काढायचे. मग उरलेल्यांचा उजेड आणि रंग सारखा करायचा. मग लिंक पाठवायची, त्यातून आम्ही अल्बमसाठी निवडायचे, मग पानं लावून पुन्हा आम्हाला दाखवायची, आणि मग छपाई. त्यातला दीड महिना लिंकपर्यंतचा. दीड महिना गेला. संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडवा गेला. उत्तर एकच, ‘चालू आहे.’

आणि मग बातम्या यायला लागल्या.

पहिली गडबवरून. तिथं आमची चुलत वहिनी राहते. तिचा फोन, ‘ताई, तुमचा तो फोटोवाला आलेला. आमच्या सुनेला म्हणाला, जरा अंगणात या. उन्हात उभी केलीन. डावीकडनं बघितलंन, उजवीकडनं बघितलंन. चहा घेतलान आणि गेला. आमच्या शेजारणीला वाटलं कुणी मुलगी बघायला आला. मी म्हटलं, बाई, तिला दोन पोरं हायत.’

दुसरी बातमी माझ्या नणंदेची. तिच्याकडे येऊन म्हणाले, पंच्याहत्तरीला नेसलेली साडी दाखवा, दारात, सावलीत नको. तिसरी पेणच्याच एका काकांची. ते बिचारे दाढी करत होते, त्यांना अर्ध्या साबणासकट ओट्यावर बोलावलं.

मी थेट स्टुडिओत गेले. खोके खुर्चीवरून उचलून खाली ठेवले आणि बसले. त्यांना ते आवडलं नाही. मॉनिटर माझ्याकडे वळवला. गडबच्या त्याच सुनेचा चेहरा, पाया पडून उठतानाचा, इतका जिवंत की मी दचकले. पण अर्धा जांभळा, अर्धा हिरवट.

‘साध्या हॉलमधे काय होतं,’ ते म्हणाले, ‘एक फोटो नीट केला की तेच माप पुढच्या शंभरांना लावता येतं. एका दिवसात काम. इथं तो दिवा दर क्षणाला रंग बदलतोय. एकाचं माप दुसऱ्याला चालत नाय. बायकोचं तोंड जांभळं, नवऱ्याचं हिरवं, आणि फोटो एकच. मी कॅमेऱ्यात कच्ची फाईल ठेवतो म्हणून रंग परत आणता तरी येतो. पण आणायचा कुठला? मला काय माहीत ही मुळात गोरी की सावळी? म्हणून जाऊन बघतो.’

‘मग ब्लॅक अँड व्हाइट करा ना सरळ.’

मी जणू त्यांच्या आईबद्दल काही बोलले असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘रंग जमला नाय की लोक ब्लॅक अँड व्हाइट करतात आणि वर त्याला कला म्हणतात. पळवाट आहे ती. माणूस रंगीत असतो.’

‘तारीख सांगा.’

‘तोंडी मला नीट सांगता येत नाय. लिहून द्या काय ते. वाचून उत्तर देईन.’

प्रकाशला हे सांगितलं तर त्याच्या कारखान्यातला रंगारी खो खो हसला. ‘ताई, त्यांना म्हणावं आमच्याकडं या. आम्ही सगळ्यांना एकच अंगाचा रंग मारतो, कुणी तक्रार करत नाय.’

इथं आईचं सांगायला हवं, कारण माझी घाई तिच्यासाठी होती. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोर बघितलं की मधोमध धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसतं. पनवेलला इंजेक्शनं चालू आहेत. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण किती टिकेल सांगता येत नाही. रंग तर आधीच पुसट झालेले. हे आम्ही बाहेर कुणाला बोललो नव्हतो. ते तिलाच आवडत नाही. म्हणून त्या दिवशी ती रांगेतल्या प्रत्येकाला ओळखल्यासारखा आशीर्वाद देत होती. घरी आल्यावर मला म्हणाली, ‘नुसती डोकी दिसली गो. काळी, पिकलेली, टकली. तोंड कुणाचंच नाय.’

आणि त्या डोक्यांत एक डोकं मावशीचं होतं.

मावशी म्हणजे आईची पाठची बहीण, धरमतरकडे दिलेली. माझ्या लग्नात पहिली हळद लावायचा मान तिचा होता. गडबडीत तो दुसऱ्या कुणीतरी घेतला आणि मावशी मांडवातून निघून गेली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. माझा मुलगा आता कॉलेजात आहे, यावरून काय ते समजा. पंच्याहत्तरीचं आमंत्रण प्रकाश गुपचूप देऊन आला होता. ती आली. मी लांबून बघितलं, प्रकाशनं बघितलं. रांगेत उभी राहिली, पाया पडली, न जेवता गेली. आम्ही आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘तुम्ही माझं मन राखताय. आली असती तर तोंडानं बोलली नसती?’

मावशी वाकली तेव्हाच हॉलमधल्या स्पीकरवर एवढं मोठं गाणं सुरू झालं होतं की आपलाच आवाज ऐकू येत नव्हता. पण आईला ते पटेना. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. आणि डोळे दर महिन्याला थोडे थोडे कमी होत होते.

म्हणून मी पत्र लिहिलं. पहिला मसुदा रविवारी पेणला बसून लिहिला आणि आईला वाचून दाखवला. त्यात ‘आपल्या बेजबाबदारपणामुळे’ असे शब्द होते.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘हे कोर्टात द्यायचं हाय काय?’

‘मग काय लिहू? मुजरा करू?’

‘गोड लिही. त्याच्या हातात आपली सगळी माणसं हायत. चिडला तर सगळ्यांची तोंडं वाकडी करील.’

दुसरा मसुदा तिला कोरडा वाटला. ‘तुझ्या कंपनीतनं पाठवल्यासारखा.’ तिसरा तिनं पास केला. तो असा होता:

‘सप्रेम नमस्कार. आईच्या पंच्याहत्तरीला आपण दिवसभर केलेली मेहनत आम्ही सगळ्यांनी पाहिली. त्याबद्दल आधी मनापासून आभार. फोटो दीड महिन्यात मिळतील असं आपलं बोलणं झालं होतं. त्याला आता बरेच दिवस उलटून गेले आहेत. रंगाची अडचण आपण मला दाखवलीत, ती मला समजली आहे. त्यामुळे ही तक्रार नाही, पुढचं ठरवता यावं म्हणून विचारते आहे. निवडीचं काम पूर्ण झालं आहे का, आणि रंगाचं कुठवर आलं आहे? सगळे एकदम देता येत नसतील तर जेवढे तयार आहेत तेवढे आधी मिळतील का? अल्बमचं आम्ही मागाहून बघू, त्याची घाई नाही. आणि जे तयार नाहीत त्यांतले पाया पडतानाचे थोडे फोटो, जसे आहेत तसे, फक्त घरात बघायला देता येतील का? ते कुणाला पाठवणार नाही, कुठंही टाकणार नाही, आपलं नाव खराब होईल असं काही करणार नाही. शेवटी, आपल्याला झेपेल अशी एक तारीख कळवावी. लांबची असली तरी चालेल, पण पक्की असावी.’

मी सही करणार तेवढ्यात आई म्हणाली, ‘खरं काय ते लिहिलंसच नाय. लिही, म्हातारीला तोंडं बघायची हायत, दिसतंय तवर.’

‘आई, ते बाहेर सांगायचं नाही म्हणतेस ना?’

‘त्याला सांग. तो लोळला होता माझ्या पायाशी, मला माहीत हाय. कॅमेऱ्याचा खटखट आवाज खालनंच येत होता.’

मी ते लिहिलं. डोळ्यांचा आजार, मधला डाग, पुसटलेले रंग, सगळं चार ओळींत. रोह्याला परत आल्यावर पत्र स्टुडिओच्या दाराखालून सरकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीत पोचते तर गेटवर स्कूटर आणि करडा शर्ट. वॉचमन मला म्हणाला, ‘मॅडम, हे विचारतायत आईंना किती दिसतं. मी म्हटलं, माझ्या आईला चांगलं दिसतं.’

त्यांच्या हातात माझं पत्र होतं. नमस्कार नाही, काही नाही. ‘जवळचं दिसत नाय की लांबचं? उजेड जास्त असला तर बरं दिसतं की दिपतं? पांढऱ्यावर काळं वाचता येतं? कडेनं बघतात तर उजवीकडनं की डावीकडनं?’

मला अर्ध्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. मला. मी हाफ डे टाकला. त्यांच्या स्कूटरवर बसणं शक्य नव्हतं, मागच्या सीटला डिस्कची पेटी बांधलेली. मी एसटीनं, ते स्कूटरनं, आणि नागोठण्यापुढं त्यांनी एसटीला मागं टाकलं, हे मी खिडकीतून बघितलं.

मी रामवाडीला पोचले तेव्हा आईच्या मांडीवर लॅपटॉप होता आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले होते. पहिला फोटो प्रकाशचा, रंगीत, सगळं काम झालेला. मला तो फार सुंदर वाटला. आई मान हलवत म्हणाली, ‘कुणीतरी हाय. बाप्या हाय.’

त्यांनी काहीतरी केलं. रंग निघून गेला. ‘आता?’

‘नाक दिसतंय.’

त्यांनी मागचा सगळा पसारा, फुलं, खुर्च्या, माणसं, काळोखात बुडवली. चेहरा उजळला. सावल्या गडद केल्या. चेहरा मोठा करून पडदाभर आणला आणि लॅपटॉप किंचित आईच्या डाव्या बाजूला सरकवला. आईनं मान तिरकी केली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि थांबली.

‘पिंट्या,’ ती म्हणाली. प्रकाशला लहानपणी ती अशी हाक मारायची. ‘ह्याच्या भुवईवर ती खूण अजून हाय काय रे? मला वाटलं गेली.’

प्रकाश दारात उभा होता. तो आत पाणी प्यायला गेला.

माझा फोटोग्राफर लॅपटॉपकडे बघत होता. गडब, पेण, नणंदेचं दार, साबण लावलेले काका, हे सगळं त्याच्या डोक्यात चाललं असणार. मग तो म्हणाला, ‘मी महिनोन् महिने नको ते करत बसलो, आजी.’

‘नको ते कसं?’ आई म्हणाली. ‘बाकीच्यांना दिसतात ना रंग. माझं वेगळं.’

‘रविवारी आणतो,’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून वाराचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. ‘लॅपटॉप लहान पडतो. भिंत हवी. काळोख हवा.’

काळोख आणि भिंत प्रकाशच्या कारखान्यात होती. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही शेडच्या खिडक्यांना निळी ताडपत्री लावली. फटींत पोती कोंबली. मागच्या भिंतीला रंगाऱ्यानं आदल्या दिवशी पांढरा हात मारून ठेवला होता. तिन्ही बाजूंना अजून रंग न लागलेले पांढरे गणपती ओळीनं उभे, जणू तेही बघायला आलेले. शाळेतल्या ओळखीच्या शिक्षकांकडून आणलेला प्रोजेक्टर मातीच्या घमेल्यावर घमेलं उलटं ठेवून त्यावर चढवला. मी आईची खुर्ची भिंतीशी आणली. ते म्हणाले, ‘अजून जवळ. डावीकडं. सावली पडता कामा नये.’ आई भिंतीपासून हातभर अंतरावर बसली.

पहिला चेहरा आला तेव्हा आमच्याच अंगावर काटा आला. माणसापेक्षा मोठा, काळापांढरा, जमिनीवरून वर बघितलेला, नुकता वाकून उठणारा. तोंड अर्धवट उघडं, डोळे आईकडे. आईला त्या दिवशी जे दिसायला हवं होतं, अगदी तेच.

‘गडबची सून,’ आई म्हणाली. ‘पुढं.’

आणि मग थांबेचना. ‘हा आप्पाचा मधला. केवढा सुटलाय. हिचे दात पुढं कधी आले? हा कोण? हा नाय माझ्या ओळखीचा, हा फुकट जेवून गेला वाटतं.’ रंगारी हसून हसून एका गणपतीला टेकला आणि प्रकाश त्याच्यावर ओरडला. नणंद दिसली, दाढी करताना सापडलेले काका दिसले, माझा स्वतःचा चेहरा आला तेव्हा आई म्हणाली, ‘ही बघा, पाया पडताना पण यादी करतेय.’ खरंच, कपाळावर आठी होती. ते प्रोजेक्टरजवळून म्हणाले, ‘ती मी काढणार होतो. राहू दिली.’

अशी पंधरावीस माणसं झाल्यावर आईचा आवाज जरा थकला. मला कळलं ती कशाची वाट बघते आहे. त्यांनाही कळलं असावं, कारण पुढचा फोटो आणायला त्यांनी थोडा वेळ घेतला.

भिंतीवर मावशी आली.

केस पिकलेले, गाल आत गेलेले. पण ती वर बघत होती, सरळ, आणि तिचे ओठ उघडे होते. नुसते उघडे नव्हते. ती काहीतरी बोलत होती, हे कुणालाही दिसत होतं. मागून कुणाचा तरी हात तिच्या खांद्यावर, पुढं सरका म्हणणारा. ती सरकली नव्हती.

आई पुढं झुकली. मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं हात भिंतीला लावला आणि हाताची सावली मावशीच्या गालावर पडली.

‘बोलत होती,’ आई म्हणाली. मग मागं वळून, ‘काय बोलली रे? तू तिथंच होतास ना, खाली?’

‘होतो, आजी. पण स्पीकर माझ्या कानाशी होता. ऐकू नाय आलं.’

दुसरा एखादा असता तर काहीतरी गोड सांगून मोकळा झाला असता. यांनी तसं केलं नाही.

‘लुगडं कुठलं नेसली होती?’ आईनं विचारलं. ‘यात कळत नाय.’

‘अंग मोतिया,’ ते लगेच म्हणाले. ‘काठ डाळिंबी. दिव्यानं जांभळा आलेला, मला पण आधी जांभळाच वाटला. आणि घडीवर, अशी आडवी, पिवळट रेघ पडलीय. जुनी घडी आहे, बरीच वर्षं मोडली नव्हती. लोक म्हणतात अशी रेघ काढून टाका. मी ती ठेवलीय.’

आईनं भिंतीवरचा हात काढून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुझ्या लग्नाचं मानाचं लुगडं. ती गेल्यावर मी माणसाबरोबर पाठवलं होतं तिच्या घरी. घेतलंन की फेकलंन, ते आजवर कळलं नव्हतं.’

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं मला सगळं माहीत असतं.

‘तुला काठ कसा कळला?’ आईनं त्यांना विचारलं. ‘जांभळा दिसत होता म्हणतोस.’

‘बघून आलो. धरमतरला गेलो होतो त्यांच्याकडं. पेटीतनं काढून अंगणात दाखवलं त्यांनी, उन्हात.’

‘तू माझ्या बहिणीकडं गेलास.’

‘व्हय.’

‘काय म्हणाली?’

ते प्रोजेक्टरच्या उजेडात उभे होते, करड्या शर्टावर मावशीच्या केसांचा तुकडा पडलेला. बोलणं त्यांना कधीच नीट जमायचं नाही. ‘तेच म्हणाल्या, सगळे म्हणतात ते. फोटो कधी मिळणार.’

आई हसली. डोळे पुसले नाहीत, नुसती हसली, आणि खुर्चीत सरळ होऊन बसली. मला वाटतं त्या दुपारी पहिल्यांदाच तिनं पाठ टेकली.

‘तिचा रंगीत कर,’ ती म्हणाली. ‘तू बघून आलास तसा, रेघेसकट. आणि तिला नेऊन देऊ नको. इथं ठेव. तिला निरोप दे, फोटो आक्काकडं हाय, येऊन घेऊन जा.’

‘करतो,’ ते म्हणाले. ‘दीड महिना धरा.’

मी तोंड उघडणार होते.

‘परवा,’ आई म्हणाली.

त्यांनी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा आईकडे. मग खाली वाकून प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागले.

‘परवा,’ ते म्हणाले.